समतोल किमतीचा ताळा: एकाच समीकरणात घालून का भागत नाही?

प्रश्न: मॅडम, पेरूच्या बाजाराचं गणित आहे. मागणी Qd = २४० − ४P आणि पुरवठा Qs = −६० + ६P. P म्हणजे किलोचा भाव रुपयांत, Q म्हणजे रोजचे क्विंटल. मला P = १८ आणि Q = १६८ आलं. उत्तर परत समीकरणात घालून पाहिलं तर १६८ च येतंय. पण पुस्तकाच्या मागे ३० आणि १२० दिलंय. पुस्तक चुकलंय की मी? परीक्षेत तर मागे उत्तरही नसतं, तिथे आपलं बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: पुस्तकाचं उत्तर बरोबर आहे. तुझी चूक एका उणे चिन्हाची आहे. मात्र तू ताळा करूनही ती सापडली नाही, ही मला चुकीपेक्षा मोठी गोष्ट वाटते. पेपर तपासताना हेच सतत दिसतं. मुलं ताळा करतात, मनापासून करतात, आणि तरी चुकीच्या उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळी होतात.

तू काय केलं असशील ते पाहू. भाव १८ काढलास, तो मागणीच्या समीकरणात घातलास आणि २४० − ७२ = १६८ मिळवलंस. मग ताळा म्हणून तोच १८ पुन्हा मागणीच्याच समीकरणात घातलास आणि पुन्हा १६८ आलं. ते येणारच होतं. १८ च्या जागी २५ किंवा ४१ घेतला असतास तरी ताळा असाच जुळला असता, कारण Q तू त्याच समीकरणातून काढला होतास. एवढ्याने फक्त तुझा गुणाकार आणि वजाबाकी तपासून झाली. भाव समतोलाचा आहे का, हा प्रश्न त्या ताळ्यात कुठे आलाच नाही.

समतोल म्हणजे असा भाव, ज्याला गिऱ्हाइकांना हवा तेवढाच माल विक्रेते आणतात. म्हणून भाव दोन्ही समीकरणांत घालायचा आणि दोन्हीकडून येणारे आकडे शेजारी ठेवायचे. तुझा १८ पुरवठ्यात घाल: −६० + १०८ = ४८. किलोला १८ रुपये भाव असेल तर गिऱ्हाइकांना १६८ क्विंटल पेरू हवेत आणि बाजारात येतात ४८ क्विंटल. सकाळीच पाट्या रिकाम्या होतील आणि निम्म्याहून जास्त लोक पिशव्या घेऊन तसेच परत जातील. असा भाव टिकत नाही, तो चढतो. म्हणजे १८ हा समतोल नाही, हे पुस्तकाचं शेवटचं पान न उघडताही कळलं.

आता मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट सांगते. चुकलेलं उत्तर टाकून देऊन पहिल्यापासून सोडवायची गरज नसते, कारण खरं उत्तर किती दूर आहे हे त्या चुकलेल्या उत्तरातूनच निघतं. १८ रुपयांना मागणी पुरवठ्यापेक्षा १६८ − ४८ = १२० ने जास्त आहे. भाव एक रुपयाने वाढला की मागणी ४ ने कमी होते आणि पुरवठा ६ ने वाढतो, म्हणजे दोघांतलं अंतर दर रुपयाला १० ने मिटतं. १२० चं अंतर मिटायला १२ रुपये लागतील. १८ + १२ = ३०. तीसला दोन्ही बाजू पाहा: २४० − १२० = १२० आणि −६० + १८० = १२०. जुळलं.

ही हातचलाखी नाही. दोन्ही रेषा सरळ आहेत, म्हणून त्यांच्यातलं अंतर प्रत्येक रुपयाला सारख्याच मापाने बदलतं आणि एका भागाकारात काम होतं. वक्र मागणी असती तर या भागाकाराने फक्त जवळ पोचलो असतो. इथे मात्र कुठलाही भाव मनात धर, अंतर काढ, भावासोबतच्या दोन सहगुणकांच्या बेरजेने भाग, तू थेट समतोलावर जाशील. मागणी जास्त असेल तर भाव वर न्यायचा, पुरवठा जास्त असेल तर खाली आणायचा, एवढं ध्यानात ठेव.

अंतराचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. तुझं अंतर १२० आलं, म्हणजे ६० च्या बरोबर दुप्पट. स्थिरपदाचं चिन्ह चुकलं की अंतर नेमकं त्या पदाच्या दुप्पट येतं, कारण −६० च्या जागी +६० धरल्याने पुरवठ्यात १२० क्विंटलचा फरक पडतो. म्हणून अंतर एखाद्या दिलेल्या आकड्याच्या दुप्पट दिसलं की मी आधी त्याच आकड्याच्या चिन्हाकडे पाहते.

ही चिन्हाची चूक दोन ठिकाणी झालेली असू शकते, आणि कुठे झाली यावर ताळ्याचं यश अवलंबून आहे. पहिली शक्यता अशी की २४० − ४P = −६० + ६P हे तू नीट मांडलंस, पण −६० डावीकडे नेताना ते +६० झालं नाही. २४० + ६० ऐवजी २४० − ६० केलंस, १८० आले, त्याला १० ने भागलंस आणि १८ मिळाले. ही चूक दोन्ही समीकरणांत भाव घातला की लगेच पकडली जाते. दुसरी शक्यता अशी की वहीत उतरवून घेतानाच उणे चिन्ह सुटलं आणि तू Qs = ६० + ६P लिहिलंस. तेव्हाही भाव १८ च येतो. आणि मग वहीतली दोन्ही समीकरणं घेऊन ताळा केलास तर ६० + १०८ = १६८, म्हणजे सगळं अगदी छान जुळतं! वही स्वतःशी खरी, पण प्रश्नाशी खोटी. म्हणून ताळा करताना नजर वहीवर ठेवायची नाही. छापील प्रश्नपत्रिकेतली मूळ समीकरणं समोर घ्यायची आणि त्यांतच आकडे घालायचे. मी वर्गात मुलांना अक्षरशः वही पालथी घालायला लावते.

त्या −६० बद्दल थोडं थांबते, कारण ते बघून गोंधळ होतो आणि पुष्कळ जण ते मुद्दाम अधिक करून टाकतात: पुरवठा उणे कसा असेल, छापताना चूक झाली असेल, असं समजून. उणे साठ क्विंटल पेरू कोणी आणत नाही, हे खरं आहे. त्या पदाचा अर्थ एवढाच की भाव १० रुपयांच्या वर गेल्याशिवाय माल बाजारात येत नाही. ६P जेव्हा ६० होतं, म्हणजे P = १०, तिथून पुरवठा सुरू होतो. तोडणी, पॅकिंग आणि गाडीभाडं सुटत नसेल तर शेतकरी फळ झाडावरच राहू देतो, ही वस्तुस्थिती त्या उणे चिन्हात लिहिलेली आहे. समीकरण १० रुपयांच्या वरच लागू आहे, खाली पुरवठा शून्य. तसंच मागणीचं: ४P = २४० झालं की मागणी शून्य, म्हणजे ६० रुपयांच्या वर कोणी घेत नाही.

हे दोन भाव, १० आणि ६०, गणित सोडवायला घेण्याआधीच समासात लिहून ठेव. समतोल या दोघांच्या मध्येच असायला हवा. अनेकांची दुसरी आवडती चूक अशी असते: ६P आणि ४P एकत्र करताना बेरजेऐवजी वजाबाकी करतात, ३०० = २P लिहितात आणि भाव १५० काढतात. समासातल्या ६० कडे एकदा पाहिलं तरी हे उत्तर बाद होतं. पण या कसोटीची ताकद जास्तही समजू नकोस. तुझे १८ रुपये १० आणि ६० च्या मध्येच आहेत, तेव्हा तुझी चूक हिने पकडली नसती. ढोबळ चूक ती झटकन पकडते. बारीक चुकीसाठी दोन्ही समीकरणांचा ताळाच लागतो.

या दोन टोकांवरून समतोल किंमत सरळ तोंडीही काढता येते. ती दोन्ही टोकांच्या भावांची सरासरी असते, पण साधी सरासरी नव्हे. मागणीच्या टोकाला मागणीच्या सहगुणकाचं वजन, पुरवठ्याच्या टोकाला पुरवठ्याच्या सहगुणकाचं वजन. इथे (४ × ६० + ६ × १०) ÷ १० = (२४० + ६०) ÷ १० = ३०. वजनं सारखी असती तर उत्तर बरोबर मधे, ३५ ला आलं असतं. पुरवठ्याचं वजन जास्त, म्हणून ते थोडं १० च्या बाजूला सरकून ३० झालं. नीट पाहिलंस तर यात २४० आणि ६० आपोआप बेरजेत येतात. म्हणजे पद बाजू बदलून नेण्याचा, चिन्ह सांभाळण्याचा जो टप्पा तुला नडला, तो या वाटेवर येतच नाही.

आता एक उलट प्रसंग. समज, Qd = ४० − २P आणि Qs = −९० + ३P. सोडवलं तर १३० = ५P, P = २६. मागणीत घाल: ४० − ५२ = −१२. पुरवठ्यात घाल: −९० + ७८ = −१२. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या, बीजगणितात कुठेही चूक नाही, आणि तरी हे उत्तर बाजाराचं नाही, कारण उणे बारा क्विंटल विकले जात नाहीत. टोकं पाहा. मागणी २० रुपयांना संपते आणि पुरवठा ३० रुपयांना सुरू होतो. घेणारा वीसच्या वर जात नाही, देणारा तीसच्या खाली येत नाही. सौदाच होत नाही. अशा वेळी उत्तर लिहायचं ते असं: समतोलाला व्यवहार शून्य. २६ हा फक्त दोन रेषा कागदावर शून्य नगसंख्येच्या पलीकडे वाढवल्यावर त्या जिथे छेदतात तिथला आकडा. म्हणून Q उणे आला की आधी ताळा कर, आणि ताळा जुळला तर चूक शोधत बसू नकोस, टोकं तपास.

तुला ज्याची पुढे हमखास अडचण येईल ते म्हणजे न भागणारी उत्तरं. समज, Qd = १०० − ३P आणि Qs = −१५ + ४P. भाव येतो ११५ ÷ ७, म्हणजे १६.४२८५… आपण १६.४३ लिहितो. ताळा केला तर मागणी ५०.७१ आणि पुरवठा ५०.७२. जुळत नाही! इथे मुलं घाबरतात आणि बरोबर उत्तर खोडतात. पण किती फरक चालेल याचंही माप त्याच बेरजेत आहे. भाव दोन दशांश स्थळांपर्यंत घेतला की तो खऱ्या भावापासून जास्तीत जास्त ०.००५ इतका ढळलेला असतो. इथे दर रुपयाला अंतर ३ + ४ = ७ ने बदलतं, म्हणून ताळ्यात ७ × ०.००५ = ०.०३५ पर्यंत फरक येणं रास्त आहे. आपला फरक ०.०१ आहे, तो आसन्न किमतीचा परिणाम. फरक ०.५ आला असता तर मात्र चूक शोधावी लागली असती. शक्य असेल तिथे मी अपूर्णांकच ठेवायला सांगते: P = ११५/७ घेतलं तर दोन्हीकडे ३५५/७ येतं आणि शंकेला जागा उरत नाही.

वेळ शिल्लक असेल तर आणखी एक ताळा कर, तो स्वतंत्र वाटेचा आहे. आतापर्यंत आपण Q काढून टाकून आधी P मिळवला. आता उलट कर. पेरूची दोन्ही समीकरणं भावाच्या रूपात लिही: मागणीतून P = ६० − Q/४ आणि पुरवठ्यातून P = १० + Q/६. दोन्ही सारखे ठेवले की ५० = Q/४ + Q/६ = ५Q/१२, म्हणून Q = १२०. मग P = ६० − ३० = ३० आणि १० + २० = ३०. पहिल्या वाटेवरची चूक या वाटेवर पुन्हा तशीच होण्याचा संभव कमी, म्हणून दोन्हीकडून एकच जोडी आली तर मी निश्चिंत होते.

पण समीकरण उलटवताना एक खड्डा आहे. P = ६० − ४Q असं लिहिणारे दर वर्षी भेटतात. ४ तसाच ठेवून फक्त अक्षरांची अदलाबदल करतात. त्याच चालीने पुरवठा P = १० + ६Q लिहिला तर Q = ५ आणि P = ४० येतं. मूळ समीकरणांत ४० घाल: मागणी ८०, पुरवठा १८०. अंतर १००, पुरवठा जास्त, तेव्हा भाव १० रुपयांनी खाली, परत ३०. बघ, ही चूकही त्याच ताळ्याने सापडली आणि त्याच भागाकाराने सुधारली.

या गोंधळाचं मूळ आलेखात आहे. गणितात आपण ज्याच्यावर दुसरं अवलंबून असतं ते चल आडव्या अक्षावर घेतो. त्या हिशेबाने भाव आडवा यायला हवा होता. पण आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून रूढ झालेल्या पद्धतीने अर्थशास्त्रात भाव उभ्या अक्षावर आणि नगसंख्या आडव्या अक्षावर असते. त्यामुळे कागदावर दिसणारा मागणीरेषेचा उतार −४ नसतो, −१/४ असतो. आलेख काढून उत्तर तपासणार असशील तर मागणीची रेषा उभ्या अक्षावर ६० ला आणि आडव्या अक्षावर २४० ला टेकली पाहिजे. पुरवठ्याची रेषा उभ्या अक्षावर १० पासून निघाली पाहिजे. ही तीन ठिकाणं आणि पुरवठारेषेचा १/६ हा उतार बरोबर असेल तर छेदबिंदू (१२०, ३०) जवळ दिसेल. मात्र हाताने काढलेल्या आलेखावर पाच-सहा क्विंटलचा फरक डोळ्याला कळत नाही, तेव्हा आलेख हा आधार म्हणून घे, पुरावा म्हणून नको.

एककांकडेही लक्ष दे. इथे भाव किलोचा आहे आणि माल क्विंटलमध्ये. समीकरण सोडवताना त्याने काही बिघडत नाही, पण पुढच्या उपप्रश्नात एकूण खर्च विचारला की ३० × १२० = ३६०० रुपये असं लिहून मुलं मोकळी होतात. १२० क्विंटल म्हणजे १२,००० किलो, तेव्हा रक्कम ३,६०,००० रुपये. अख्ख्या बाजाराची दिवसाची उलाढाल ३६०० रुपये असेल का, एवढा विचार केला तरी चूक दिसते.

पुढे याच गणिताला कर जोडतील, तेव्हा हा ताळा थोडा बदलावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते. समज, विक्रेत्यांवर किलोला ५ रुपये कर बसला. गिऱ्हाईक P देतो, पण विक्रेत्याच्या हातात P − ५ येतात. म्हणून २४० − ४P = −६० + ६(P − ५), त्यातून P = ३३ आणि Q = १०८. ताळा करताना मागणीत ३३ घालायचा आणि मूळ पुरवठ्यात २८: २४० − १३२ = १०८, −६० + १६८ = १०८. दोन्हीकडे ३३ च घातलास तर पुरवठा १३८ येईल आणि बरोबर उत्तर चूक वाटेल.

परीक्षेत हे सगळं लिहायचं नाही. P = ३० काढल्यावर प्रश्नपत्रिकेतल्या समीकरणांकडे बघून खाली दोन ओळी लिही: Qd = २४० − ४ × ३० = १२० क्विंटल, Qs = −६० + ६ × ३० = १२० क्विंटल. त्यानंतर Qd = Qs, म्हणून समतोल किंमत किलोला ३० रुपये, समतोल नगसंख्या रोज १२० क्विंटल. पेपर तपासताना त्या दुसऱ्या ओळीकडे माझं पहिलं लक्ष जातं. आणि ती ओळ लिहिताना १२० च्या जागी दुसरं काही आलं, तर उत्तर खोडण्याआधी समासात अंतर काढून १० ने भागून पाहा.